कुलूप लावलं की नाही, साहेब काय म्हणाले, कशाचीच मनात नोंद होत नाहीये

उंबरठा | सोमवार, रात्री ११.१०

नमस्कार. बरेच महिने इथे नुसतं वाचते आहे, लिहायची ही पहिलीच वेळ.

माझं वय ३६. साधारण सात महिन्यांपूर्वी ऑफिसात आमच्या विभागाची फेररचना सुरू झाली. कोण राहणार, कोणाची बदली होणार, काहीच कळत नाही. तेव्हापासून काळजीने मन पोखरलं गेलंय. डॉक्टरांनी चिंताविकार आहे असं सांगितलं. थायरॉइड, बी-१२, हिमोग्लोबिन सगळं तपासून झालं, सगळं ठीक आहे. समुपदेशनाची पहिली वेळ तीन आठवड्यांनी मिळाली आहे.

पण मला इथे विचारायचंय ते काळजीबद्दल नाही, विसरण्याबद्दल. आजचंच सांगते. सकाळच्या मीटिंगमध्ये साहेबांनी मला चार कामं सांगितली. मी त्यांच्याकडे बघत होते, मान डोलवत होते, "हो सर" म्हणत होते. जागेवर येऊन वही उघडली तर पहिलं काम पूर्ण आठवलं आणि दुसरं अर्धं. कुणाला तरी काहीतरी गुरुवारच्या आत पाठवायचं होतं. कुणाला, काय, सगळं कोरं. तिसरं आणि चौथं तर कुणी मला सांगितलंच नव्हतं जणू.

दुपारी एका कराराचा एकच परिच्छेद चार वेळा वाचला. डोळे ओळींवरून जातात, शेवटी पोचल्यावर हाती काही लागत नाही. चार-साडेचारपर्यंत डोक्यात कापूस कोंबल्यासारखं होतं. आणि घराचं कुलूप! आज तीनदा जिन्यावरून परत गेले. तिसऱ्यांदा हात कुलपावर होता, ते लागलेलं मला दिसत होतं, आणि तरी ते खरं वाटत नव्हतं.

मला भीती वाटते की हा स्मृतिभ्रंश आहे. हे नुसत्या काळजीने होऊ शकतं का? आणि तीन आठवडे रोजचा दिवस पार पाडायला काही लहान युक्त्या आहेत का? मोठे उपाय समुपदेशक सांगतीलच.

---

कोडेसोडवा | सोमवार, रात्री ११.४२

ताई, घाबरू नका, हे काळजीनेच होतं. ताण आला की शरीरात कॉर्टिसॉल वाढतं आणि त्याने मेंदूच्या पेशी मरतात. त्यावर उपाय म्हणजे मेंदूला व्यायाम. मी रोज अर्धा तास सुडोकू सोडवतो, फोन नंबर पाठ करतो. आणि काहीही लिहून ठेवू नका! लिहायची सवय लागली की मेंदू आळशी होतो. आठवायचा प्रयत्न केला तरच स्मरणशक्ती वाढते. तीन महिने करून बघा.

---

मधलीवाट | मंगळवार, सकाळी ७.०५

माझ्या सासऱ्यांचं अगदी असंच सुरू झालं होतं. आधी कुलूप, मग गॅस, मग एकच गोष्ट दहादा विचारणं. आम्ही दोन वर्षं "वय झालं" म्हणत राहिलो आणि नंतर पस्तावलो. दुर्लक्ष करू नका. लगेच मेंदूचा स्कॅन करून घ्या.

---

उंबरठा | मंगळवार, सकाळी ७.२०

मधलीवाट, हे वाचून हातपाय गार पडले. आता ऑफिसात कशी जाऊ?

---

जुनीवही | मंगळवार, सकाळी ८.१५

उंबरठा, आधी दोन मिनिटं बसून हे वाचा.

मी क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट आहे. इथून निदान करणार नाही, करता येतही नाही. पण तुमच्या लिहिण्यातच काही गोष्टी दिसतात. मीटिंगमध्ये नेमकं काय निसटलं, कितवं काम कुठवर आठवलं, कुलपाशी कितव्या खेपेला काय वाटलं, हे सगळं तुम्ही तपशिलाने सांगितलंत. म्हणजे विसरल्याची आठवण तुमच्याकडे शाबूत आहे. स्मृतिभ्रंशात बहुतेक वेळा उलटं असतं. घरचे काळजीत असतात आणि त्या माणसाला आपण विसरतो आहोत याची फारशी जाणीव नसते. मधलीवाट, तुमच्या सासऱ्यांचंही असंच होतं का? एकच प्रश्न दहादा विचारताना त्यांना मागचे नऊ आठवत नसतील.

दुसरं, दिवसागणिक फरक पडतो का ते बघा. मन शांत असलेल्या सुट्टीच्या दिवशी तुमची स्मरणशक्ती नेहमीसारखी असेल, तर ते काळजीकडे बोट दाखवतं. या दोन्ही फक्त खुणा आहेत, पुरावा नव्हे. ओळखीच्या रस्त्यावर चुकायला लागलात, रोजची कामं कशी करायची तेच सुचेनासं झालं, किंवा तुमच्यापेक्षा घरच्यांना जास्त फरक जाणवू लागला, तर डॉक्टरांना तसं स्पष्ट सांगा.

आता मला एक सांगा. साहेब "गुरुवारच्या आत" म्हणाले त्या क्षणी तुमच्या मनात काय आलं?

---

उंबरठा | मंगळवार, दुपारी १.३०

जेवणाच्या सुट्टीत लिहिते आहे. सुट्टीच्या दिवसाचं तुम्ही म्हणता ते खरं आहे. गेल्या महिन्यात बहिणीकडे दोन दिवस होते तेव्हा एकदाही काही विसरले नाही. हे मला आधी सुचलंच नव्हतं.

गुरुवारचं विचारलंत. मला नीट आठवतंय. "गुरुवार" ऐकल्याबरोबर मनात आलं की गुरुवारीच बदल्यांची यादी लागणार आहे. मग वाटलं, साहेब मला गुरुवारच्या आधी काम संपवायला का सांगताहेत? त्यांना माहीत असेल का? माझं नाव असेल का? एवढं होऊन भानावर आले तोवर ते "ठीक आहे, लागा कामाला" म्हणत होते.

---

जुनीवही | मंगळवार, रात्री ९.४०

मला हेच हवं होतं. तुमचं उत्तर तुमच्याच पोस्टमध्ये आहे.

तुम्ही तिसरं आणि चौथं काम विसरला नाहीत. ती दोन्ही कामं कधी आत गेलीच नाहीत. विसरायला आधी नोंद व्हावी लागते.

समोरचा बोलत असताना त्याचं वाक्य आपण काही सेकंद मनात धरून ठेवतो, त्याचा अर्थ लावतो आणि मग ते पुढे साठवलं जातं. ही धरून ठेवायची जागा फार लहान असते. नेल्सन कोवान या मानसशास्त्रज्ञाने २००१ साली या विषयावरचं संशोधन तपासून मांडलं, की सर्वसाधारण माणूस एका वेळी साधारण चारच गोष्टी अशा धरू शकतो. आणि काळजी ही बहुतांशी शब्दांत होते. "माझं नाव असेल का" हे तुम्ही मनातल्या मनात बोललात. म्हणजे साहेबांची वाक्यं जिथे धरायची, त्याच ओट्यावर तुमची स्वतःची वाक्यं येऊन बसली. ओटा लहान, बसणारे जास्त. साहेब बोलत राहिले, पण त्यांना टेकायला जागा नव्हती.

परिच्छेद चारदा वाचायची गोष्टही तीच. डोळ्यांना जागा लागत नाही, अर्थ धरायला लागते.

आणि चार वाजताचा कापूस. काळजीतला माणूस काम बरेचदा बरोबरच करतो, फक्त त्याला तेवढ्याच कामाला जास्त जोर लावावा लागतो. एका हाताने काळजीला मागे ढकलायचं, दुसऱ्या हाताने करार वाचायचा. दिवसभर असं केल्यावर चार वाजता थकवा येणारच. म्हणून वाचायचं, ताळा घ्यायचं काम सकाळी ठेवा आणि चारनंतर फोन, फायली लावणं, असं हाताने होणारं काम.

कोडेसोडवा, तुमची काही गोष्ट बरोबर आहे. कॉर्टिसॉलचा स्मरणावर परिणाम होतो. पण उंबरठांच्या बाबतीत पेशी मरताहेत असं म्हणायला काही आधार नाही. बहिणीकडच्या दोन दिवसांत मेलेल्या पेशी परत आल्या नसत्या. सुडोकूने सुडोकू चांगलं येतं, मीटिंग लक्षात राहायला त्याची फारशी मदत होत नाही. आणि "लिहू नका" हा सल्ला त्यांना आत्ता देऊ नका. जागा अडलेली असताना ओट्यावरचं सामान कागदावर उतरवणं हाच पहिला उपाय आहे.

उद्यासाठी एकच गोष्ट. मीटिंगमध्ये वही उघडी ठेवा आणि प्रत्येक कामाचे तीनच शब्द लिहा: काय, कुणाला, कधी. एखाद्या खान्यात काही पडलं नाही तर तो मोकळा सोडा. शेवटी उठण्यापूर्वी म्हणा, "सर, एकदा वाचून दाखवते." मोकळा खाना तिथेच भरला जाईल. याला तीस सेकंद लागतात. कुलपाबद्दल उद्या लिहितो, ते वेगळं प्रकरण आहे.

---

कोडेसोडवा | मंगळवार, रात्री १०.०२

बहिणीकडचा मुद्दा पटला. पण लिहिण्याबद्दल मी अनुभवाने बोलतोय. एका वर्षी मी सगळं लिहायला लागलो. फोनमध्ये अकरा याद्या, टेबलावर चिठ्ठ्या, हातावर पेनने. मग कोणती यादी कुठे आहे हेच शोधत बसायचो आणि जास्तच घाबरायचो. त्यातून बाहेर पडायला मी लिहिणंच सोडलं.

---

रात्रपाळी | बुधवार, पहाटे ४.५०

कोडेसोडवा, त्रास लिहिण्याचा नव्हता, अकरा जागांचा होता. एकच वही, एकच जागा. ती वही हरवायची भीती वाटत असेल तर दोरी बांधा, पण दुसरी करू नका.

मी नर्स आहे. मलाही चिंतेचा त्रास आहे, गोळ्या चालू आहेत. आमच्या कामात विसरून चालतच नाही म्हणून लिहिते. औषधांची ट्रॉली घेऊन फिरताना सगळ्यात धोक्याचा क्षण म्हणजे कुणी मध्येच हाक मारतं तो. "सिस्टर, जरा येता?" तुम्ही मान वळवता, उत्तर देता, परत येता आणि हातातली गोळी कुणाची हेच कळत नाही. मन शांत असलेल्या माणसाचंही असं होतं, आमच्यासारख्यांचं लवकर होतं.

मी काय करते ते सांगते. हाक आली की मान वळवायच्या आधी बोट तक्त्यावरच्या त्या ओळीवर ठेवते आणि तोंडाने म्हणते, "एक मिनिट, खाट सात, सकाळची." मग बघते. जावंच लागलं तर पेन्सिलने त्या ओळीला टिंब करते. परत आल्यावर मला काही आठवावं लागत नाही, टिंब शोधायचं. टिंब नाही सापडलं तर ती खाट पहिल्यापासून.

ऑफिसातही हे चालेल. कुणी टेबलाशी आलं तर आधी अर्धवट वाक्यापुढे लिहा की पुढे काय करायचं होतं. "पुढे: कलम ६ ची तारीख ताडून बघणे" एवढं. दोन सेकंद समोरच्याला थांबू द्या. मी पेशंटला थांबवते, तुमचा सहकारी नक्की थांबेल.

---

उंबरठा | बुधवार, सकाळी ११.०५

वाचून दाखवलं! हात थरथरत होता. तीन कामं होती. दुसऱ्याचा "कुणाला" हा खाना मोकळाच होता. साहेबांनी काही विशेष न वाटल्यासारखं नाव सांगितलं आणि वर स्वतःचीच एक तारीख दुरुस्त केली. मला वाटलं होतं की विचारलं तर माझी बदली पक्की होईल.

---

शेवटचाडबा | बुधवार, दुपारी ३.३०

कुलपासाठी माझा उपाय सोपा आहे. फोनवर कुलपाचा फोटो काढा. शंका आली की फोटो बघायचा. वर्ष झालं, मी एकदाही परत गेलो नाही.

---

जुनीवही | बुधवार, रात्री १०.१५

कुलूप. आधी एक प्रयोग सांगतो, कारण उंबरठांचं "हात कुलपावर होता तरी खरं वाटत नव्हतं" हे वाक्य त्यात जसंच्या तसं बसतं.

नेदरलँड्समधल्या मार्सेल व्हान डेन हाउट आणि मेरेल किंट यांनी २००३ साली तो प्रसिद्ध केला. त्यात भाग घेणारी माणसं निरोगी होती. त्यांना संगणकाच्या पडद्यावर गॅसची शेगडी दाखवली. बटणं चालू करायची, बंद करायची, मग बंद झाली का ते तपासायचं. काही जणांनी हे शेगडीवरच पुन्हा पुन्हा केलं. बाकीच्यांनी मधल्या वेळात शेगडीऐवजी दिवे तपासले. शेवटी सगळ्यांना विचारलं, शेवटच्या खेपेला कोणती बटणं तपासलीत? बरोबर उत्तरांत दोन गटांत खास फरक नव्हता. पण शेगडी पुन्हा पुन्हा तपासलेल्यांची आठवण फिकी झाली होती आणि आपल्या आठवणीवरचा त्यांचा भरवसा घसरला होता.

म्हणजे तपासल्याने शंका फिटत नाही, वाढते. यात नवल नाही. एकच कृती वारंवार केली की ती सवयीने व्हायला लागते, तिचे बारकावे मनात उमटत नाहीत, आणि सगळ्या खेपा एकमेकींत मिसळतात. तिसऱ्या खेपेला तुमच्याकडे आज कुलूप लावल्याच्या तीन पुसट आठवणी असतात आणि कालच्या तीन. यातली आत्ताची कोणती, हे मन सांगू शकत नाही.

म्हणून खेपा वाढवू नका, पहिली खेप ठळक करा. कुलूप लावताना फोन खिशात ठेवा आणि हातात पिशवी नको. किल्ली फिरवा, एकदा ओढून बघा, आणि तोंडाने म्हणा, "बुधवार, निळी पिशवी खाली ठेवली आहे, कुलूप लागलं." पिशवीचा रंग, वार, बाहेर पाऊस आहे का, असं काहीतरी रोज बदलणारं त्यात घाला. त्यानेच आजची खेप कालच्या खेपेपासून वेगळी राहते. जपानमध्ये आगगाड्या चालवणारे सिग्नलकडे बोट दाखवून त्याची स्थिती मोठ्याने बोलतात. ती पद्धत शंभरहून अधिक वर्षांची आहे. हात, डोळे आणि तोंड एकाच गोष्टीवर आले की मनाला दुसरीकडे जायला वाव राहत नाही.

मग निघा आणि परत फिरू नका. पहिले काही दिवस जिन्यावर पोटात गोळा येईल. तो आपोआप ओसरतो, पण परत गेलात तर तो ओसरतो हे तुम्हाला कधी कळणारच नाही.

शेवटचाडबा, तुमच्या फोटोबद्दल मी साशंक आहे. फोटो म्हणजे लांबून केलेलं तपासणंच. दिवसातून कितीदा बघता?

---

शेवटचाडबा | बुधवार, रात्री १०.४०

सुरुवातीला पाच-सहा वेळा, आता एखादवेळी, कधी कधी नाहीच. तुमचा प्रयोग कळला, पण माझ्यासाठी फोटो म्हणजे ऑफिसात वेळेवर पोचणं. आधी मी अर्ध्या रस्त्यातून परत जायचो. काढून टाकायला सांगाल तर मी काढणार नाही.

---

जुनीवही | बुधवार, रात्री १०.५५

पाचवरून एकावर आलात म्हणजे तुमच्या बाबतीत फोटो कुबडीसारखा वापरला गेला आणि सुटत आला. उलट होतानाही मी पाहिलंय. आधी एक फोटो, मग चार बाजूंनी चार, मग फोटो आजचाच आहे का याची शंका. कुणाचं कुठे जाईल हे आधी सांगता येत नाही. उंबरठांनी अजून सुरू केलेला नाही, म्हणून त्यांना मी सुरू करा म्हणणार नाही.

---

रात्रपाळी | गुरुवार, पहाटे ५.१५

मोठ्याने बोलायचा उपाय चांगला आहे, पण एक धोका आहे. मी एका काळात "बंद, बंद, बंद" असं तीनदा म्हणायचे आणि मग तीनदा बरोबर म्हटलं का अशी शंका यायची. बोलणं एकदाच. वाक्य चुकलं तरी परत म्हणायचं नाही. आणि ज्यांना असे विधी करावेच लागतात, नाही केले तर काहीतरी वाईट होईल असं वाटतं, त्यांनी इथल्या युक्त्यांवर थांबू नये. तो वेगळा आजार आहे आणि त्याची वेगळी उपचारपद्धती आहे.

---

पाऊणएकर | गुरुवार, सकाळी ९.२०

मला वाटतं इथे एक गोष्ट राहून गेली. मीही दीड वर्ष "काळजीमुळे डोकं चालत नाही" असंच समजत होतो. चिंता कमी व्हावी म्हणून मला रात्रीची एक गोळी दिली होती, क्लोनाझेपाम. चिंता खरंच कमी झाली, पण सकाळी उठल्यापासून दुपारपर्यंत धुकं, आदल्या रात्री फोनवर काय बोललो ते पुसलेलं. मी ते आजाराच्या खात्यावर लिहीत गेलो. नव्या डॉक्टरांनी तीन महिन्यांत थोडी थोडी कमी करत ती बंद केली आणि धुकं बरंचसं गेलं.

ज्याला कुणाला वाटत असेल त्याने विसरणं कधीपासून सुरू झालं आणि गोळी कधीपासून, हे दोन्ही महिने एकमेकांशेजारी लिहून बघा.

---

जुनीवही | गुरुवार, दुपारी २.००

फार महत्त्वाचं. या गटातल्या गोळ्यांनी नवीन आठवणींची नोंद मंदावते. सर्दी-खाजेच्या काही जुन्या गोळ्यांनीही डोकं जड होतं आणि लोक त्या डॉक्टरांना सांगायला विसरतात. पण वाचणाऱ्यांनी लक्षात घ्या, पाऊणएकर यांची गोळी तीन महिन्यांत आणि डॉक्टरांच्या देखरेखीत बंद झाली. ती एकदम बंद केली तर फिट येण्यापर्यंत मजल जाऊ शकते. शंका असेल तर डॉक्टरांशी बोला, गोळी आपली आपण सोडू नका. रात्रपाळी, तुमच्याही गोळ्या चालू आहेत असं म्हणालात म्हणून हे मुद्दाम.

---

रात्रपाळी | गुरुवार, दुपारी ४.३०

माझी वेगळ्या गटातली आहे, धुकं नाही. पण मुद्दा बरोबर आहे.

---

उंबरठा | गुरुवार, रात्री १०.३०

यादी आज लागलीच नाही. पुढे ढकलली. म्हणजे अजून किती दिवस ते माहीत नाही.

कुलूप आज एकदाच. जिन्यावर दोन मिनिटं उभी होते. पण वाचन अजून जमत नाहीये. परिच्छेद सुरू केला की तिसऱ्या ओळीला "यादी" येतेच. मी तिला हाकलते आणि ती परत येते. मीटिंगमध्ये निदान कुणीतरी बोलत असतं. कागद काहीच बोलत नाही.

---

जुनीवही | गुरुवार, रात्री ११.२०

हाकलू नका. हाकलायला लक्ष लागतं, आणि तेच तुम्हाला वाचनासाठी हवंय. तिला वेळ देऊन परत पाठवा.

थॉमस बोर्कोवेक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८३ साली यासाठी एक साधी पद्धत मांडली. काळजी करायला दिवसातला अर्धा तास ठरवायचा. रोज तीच वेळ आणि तीच जागा. झोपायच्या आधीची वेळ नको, अंथरूणही नको. दिवसा काळजी आली की ती ओळखायची, त्या अर्ध्या तासावर टाकायची आणि हातातल्या कामाकडे वळायचं. ठरल्या वेळी मात्र खरोखर बसायचं. लोक इथेच चुकतात. दिवसभर "नंतर" म्हणतात आणि संध्याकाळी बसत नाहीत. मग मनाला कळतं की "नंतर" ही थाप आहे, आणि ते परत तिसऱ्या ओळीला येऊन दार वाजवतं.

तुमच्या करारासाठी असं करा. शेजारी कोरा कागद ठेवा. समजा काळजीची वेळ संध्याकाळी साडेसहाची ठरवलीत, तर "यादी" आली की कागदावर "यादी, ६.३०" एवढंच लिहा. ज्या शब्दावर वाचन तुटलं तिथे पेन्सिलने टिंब करा, रात्रपाळींचं टिंब. आणि प्रत्येक परिच्छेद संपल्यावर समासात स्वतःच्या चार शब्दांत लिहा की यात काय म्हटलंय. चार शब्द सुचले नाहीत तर तो परिच्छेद आत गेलेला नाही. मग परत वाचा, पण या वेळी हलक्या आवाजात. पान संपेपर्यंत थांबलात तर कुठून निसटलं तेच कळत नाही. पहिल्या दिवशी कागदावर वीस वेळा "यादी" आलं तरी चालेल.

---

मधलीवाट | शुक्रवार, सकाळी ७.३०

उंबरठा, माझ्या पहिल्या पोस्टने तुम्हाला घाबरवलं, त्याचं वाईट वाटलं. जुनीवहींनी विचारलं होतं म्हणून सांगते. हो, सासरे म्हणायचे की मला काही झालेलं नाही, तुम्हीच विसरता. घाबरलो होतो ते आम्ही. एक विचारू का? काळजी आणि स्मृतिभ्रंश दोन्ही एकत्र असू शकतात ना? मग वयस्कर माणसाचं कसं ओळखायचं?

---

जुनीवही | शुक्रवार, सकाळी ८.१०

असू शकतात. काही वेळा उतारवयात पहिल्यांदाच आलेली चिंता किंवा उदासी हीच स्मृतिभ्रंशाची सुरुवात असते. म्हणून साठीनंतर नव्याने असं काही सुरू झालं तर युक्त्यांच्या आधी तपासणी. मी वर लिहिलेल्या खुणा तरुण माणसांना बऱ्याच लागू पडतात, वयस्करांच्या बाबतीत त्यांच्यावर एवढं विसंबू नये. तुमचा प्रश्न रास्त आहे, आणि इथे बसून त्याचं उत्तर मला देता येणार नाही.

---

उंबरठा | तीन आठवड्यांनी, रविवार, संध्याकाळी ७.४५

काल समुपदेशकांकडे जाऊन आले. त्यांनी हा धागा वाचला नाही, पण मी वही दाखवली. पुढचं काम त्यांच्याबरोबर चालू राहील.

तीन आठवड्यांत काय झालं ते लिहिते, म्हणजे कुणाला उपयोग होईल.

मीटिंग जमते. "काय, कुणाला, कधी" असे तीन उभे रकाने वहीत आधीच आखून ठेवते. दर वेळी एखादा खाना मोकळा राहतोच, पण वाचून दाखवताना भरतो. आता शेजारचा सहकारीही वाचून दाखवायला लागलाय.

कुलूप: अठरा दिवसांत चारदा परत गेले. त्यातले तीन दिवस फोन कानाला होता तेव्हाचे. फोन खिशात असताना फक्त एकदा.

वाचन अर्धंमुर्धं. पहिल्या दिवशी कागदावर चौदा वेळा "यादी", परवा पाच वेळा. साडेसहाला गच्चीच्या पायरीवर बसते. गंमत म्हणजे तिथे बसल्यावर बरेचदा दहा मिनिटांत काळजी संपते आणि उरलेली वीस मिनिटं नुसती बसून असते. दोन दिवस बसायला जमलं नाही, तर दुसऱ्या दिवशी कागद भरला. तुम्ही म्हणाला होतात तसंच.

चारनंतरचा कापूस मात्र तसाच आहे. कामं सकाळी हलवल्याने चुका कमी झाल्या, जडपणा नाही. यावर कुणाकडे काही असेल तर सांगा.

यादी अजून लागलेली नाही.

---

रात्रपाळी | रविवार, रात्री ८.३०

फोनचं बरं झालं लिहिलंत. कापसासाठी माझ्याकडे पक्का उपाय नाही. मी ड्यूटीच्या मध्ये पंधरा मिनिटं जिने चढउतार करते. त्याने तासभर बरं वाटतं, मग परत. तुम्ही साडेतीनलाच, कापूस यायच्या आधी, करून बघा. आल्यावर केलं तर माझा काही उपयोग होत नाही.

---

कोडेसोडवा | रविवार, रात्री ९.१०

मी अकरा याद्यांची एक वही केली. सुडोकू सोडणार नाही, आवडतं म्हणून. पण वही टेबलाच्या उजव्या कोपऱ्यातून हलवत नाही.

---

उंबरठा | सोमवार, दुपारी ३.२५

पाच मिनिटांनी जिन्यावर जातेय. करारात टिंब केलंय, कलम ९, दुसरी ओळ.